इम्युनिटीची पावडर आणि शेवटच्या चार ओळी

गोव्यात पेडण्यातल्या एका टोमॅटोच्या मळ्याची ही केस. गेल्या वायंगणातली, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातली आहे, पण माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

मी पेडणे आणि बार्देशातल्या भाजी लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटासाठी सल्ल्याचं काम करते. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही रोग ओळखतो आणि औषध सांगतो. खरं तर अर्धा वेळ पानं उलटी करून बघण्यात जातो आणि उरलेला अर्धा "काय काय मारलंत?" हा एकच प्रश्न तीन-तीनदा विचारण्यात, कारण पहिल्यांदा उत्तर नेहमी "काही नाही" असंच येतं. तिथेही तसंच झालं. मळेवाल्या काकांनी फोनवर सांगितलं की अळीने मळा खाल्ला, लवकर ये. गेले तर मल्चिंग पेपरवर काळी लेंडी पडलेली, पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि पान उलटं केलं की खाली तपकिरी लव पांघरलेले अंड्यांचे पुंजके. म्हणजे स्पोडोप्टेरा, तंबाखूवरची पानं खाणारी अळी म्हणतात ती. टोमॅटोवर ती येतेच, त्यात नवल काही नाही.

नवल पुढे होतं. तिळारीच्या कालव्याकडच्या बाजूला शेवटच्या चार ओळी होत्या, त्यांच्यावरही अळी होती, अंड्यांचे पुंजकेही होते, पण पानं शाबूत. भोकं होती, पण बारकी. आणि अळ्या हातात घेऊन बघितल्या तर किडकिडीत, मधल्या ओळींतल्या अळ्यांच्या निम्म्याही नसतील. जात तीच, ट्रेमधली रोपं तीच, लावण एकाच दिवसाची, ड्रिपची लाईन एकच.

"काका, या चार ओळींना काय वेगळं केलंत?"

"काय नाही गो बाय. उलट यांना काही मिळालंच नाही. पावडर संपली."

"कसली पावडर?"

"इम्युनिटीची. औषध एक थेंब मारलेलं नाही हां मी, फक्त इम्युनिटी."

वैनींनी आतून पाकीट आणून दिलं. पाकिटावर हिरवं पान, ढाल, आणि 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते'. आत काय आहे ते कोपऱ्यात बारीक अक्षरात, सॅलिसिलिक ॲसिड. किती टक्के ते नाही, पंपाला किती टाकायचं तेही धड नाही. दुकानदाराने तोंडी सांगितलं होतं की पाण्यात विरघळत नाही, दारूत विरघळवून घ्या, म्हणून काकांनी घरच्या फेणीत दोन चमचे घोळवून १६ लिटरच्या पंपात ओतलं होतं. पाण्यात ते नीट विरघळत नाही हे दुकानदाराचं बरोबरच होतं. पण आम्ही तो चमचा नंतर मोजला, दोन चमचे म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास निघाले. प्रयोगांत साधारण ज्या ताकदीचं द्रावण वापरतात त्या हिशेबाने १६ लिटरला २ ग्रॅमच्या थोडं वर पुरतं. म्हणजे चौपट-पाचपट झालं, आणि तेही दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पानांच्या कडा करपल्या होत्या त्याचं कारण तिथेच कळलं. अशी पाकिटं बाजारात येतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

पण काकांचा विचार चुकीचा नव्हता, हे मला ठामपणे सांगायचंय. आदल्या वर्षी लीफ कर्लच्या व्हायरसने त्यांचा मळा गेला होता, आणि सॅलिसिलिक ॲसिड हा झाडाचा स्वतःचाच निरोप आहे, व्हायरस किंवा जिवंत पेशीत राहून जगणारा रोग आला की झाड तो तयार करतं. १९६१ मध्ये रॉस नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की तंबाखूच्या एका पानाला मोझॅक व्हायरस लावला की नंतर त्याच झाडाची दुसरी पानंही त्या व्हायरसला दाद देत नाहीत. १९७९ मध्ये व्हाइटने तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचलं, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचंच भावंड, आणि व्हायरसचे डाग कमी झाले. तेव्हा हे द्रव्य काम करतं यात शंका नाही, ते कोणाविरुद्ध काम करतं हे मात्र पाकिटावर लिहिलेलं नाही. कोविडनंतर इम्युनिटी म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखी एकच गोष्ट, ती फक्त वाढवायची, असं सगळ्यांना वाटायला लागलंय. झाडात असं एकच काही नसतं.

अळी पान कुरतडते तेव्हा जो निरोप चालतो तो वेगळा, जास्मोनिक ॲसिडचा. हा भाग मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी अमेरिकेत बटाटा-टोमॅटोच्या पानांवर भुंगेरे सोडले आणि पानांत एक प्रथिन साठताना पाहिलं, प्रोटिनेज इनहिबिटर. अळीच्या पोटात पानातली प्रथिनं पचवणारी जी एन्झाइम्स असतात, ट्रिप्सिनसारखी, त्यांना हे अडवतं. अळी मरत नाही. ती खात राहते पण अंगाला लागत नाही, वाढ रखडते, जास्त दिवस लहानच राहते, आणि लहान अळीला पक्षी, गांधीलमाशा, कोळी सहज उचलतात. खरी गंमत ही की हे प्रथिन फक्त खाल्लेल्या पानात नाही, तर न खाल्लेल्या वरच्या पानांतही साठत होतं. म्हणजे जखमी पानाने बाकीच्यांना कळवलं होतं. कसं कळवलं, यात त्यानंतरची कित्येक वर्षं गेली. १९९१ मध्ये रायन यांच्याच प्रयोगशाळेत टोमॅटोच्या पानांतून १८ अमिनो ॲसिडचा एक छोटा पेप्टाइड मिळाला, त्याला सिस्टेमिन नाव दिलं. तो जखमेजवळ सुटतो आणि जास्मोनिक ॲसिडचा निरोप जोरदार करतो.

मग २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या छोट्या झाडात हे डोळ्यांनी दिसलं. कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन झाडात घातलं होतं. पान कापल्याबरोबर जखमी पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडतं, शिरांमधले त्याला ओळखणारे चॅनेल उघडतात आणि कॅल्शियमची लाट शिरांतून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने दुसऱ्या पानात पोचते, एक-दोन मिनिटांत. तिथे जास्मोनिक ॲसिड तयार होतं, त्याला एक अमिनो ॲसिड जोडलं गेलं की ते कामाचं होतं. अळीविरोधी जीन्स जॅझ नावाच्या प्रथिनांनी एरवी बंद ठेवलेली असतात, कामाचं जास्मोनेट आलं की झाड ती जॅझ प्रथिनं मोडून टाकतं आणि जीन्स सुरू होतात.

टोमॅटोत मात्र कलमांचा एक प्रयोग आहे, २००२ चा, आणि तो या चित्रात सरळ बसत नाही. खालचा खुंट जास्मोनिक ॲसिड बनवू न शकणारा आणि वरची फांदी चांगली असं कलम केलं, खालचं पान चिमटलं, तर वर काहीच नाही. उलटं केलं, म्हणजे वरची फांदी बनवू न शकणारी पण ओळखू शकणारी, तर तिने प्रतिसाद दिला. म्हणजे टोमॅटोत जखमेच्या ठिकाणी ते बनणं गरजेचं आणि दूरच्या पानात ते ओळखता येणं गरजेचं. लाट आणि कलमं यांची सांगड नेमकी कशी घालायची यावर अजून काम चालू आहे.

आणि निरोप सगळ्या पानांना सारखा मिळत नाही. ज्या पानांच्या शिरा खोडात जखमी पानाच्या शिरेशी थेट जोडलेल्या त्यांना जास्त, बाकीच्यांना कमी. टोमॅटोची पानं खोडाभोवती अशी फिरत जातात की एका पानाच्या साधारण बरोबर वर त्यापुढचं पाचवं पान येतं. त्यामुळे तिसरं पान खाल्लं तर चौथ्यापेक्षा आठव्याला खबर नीट लागते. मळ्यात उभं राहून हे बघता येत नाही, पण एकदा माहीत झालं की टोमॅटोचं खोड वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

तर आता काकांच्या मळ्याकडे. सॅलिसिलिकचा निरोप जोरात असताना जास्मोनिकचा दबतो, हे टोमॅटोत १९८८ पासून माहीत आहे. ॲस्पिरिन किंवा सॅलिसिलिक ॲसिड दिलेल्या रोपांना जखम केली तर इनहिबिटर साठलंच नाही. १९९९ मध्ये थेलर आणि सहकाऱ्यांनी उघड्या शेतात टोमॅटोवर सॅलिसिलिकची वाट जागवणारं एक रसायन फवारलं, तर त्या झाडांवर स्पोडोप्टेराच्याच एका भावंड अळीचं जास्त फावलं. माझ्या डोक्यात हे लगेच आलं. पण डोक्यात येणं आणि या मळ्यात तेच झालं हे कळणं यात फरक आहे. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की अळी आहे ना, अळीचं औषध सांग आणि पुढच्या मळ्यात जा. औषध मी सांगितलंच, बीटी या अळी मारणाऱ्या जिवाणूची फवारणी, संध्याकाळची, आणि अंड्यांचे पुंजके हाताने तोडून नष्ट करायचे. पण कारण न शोधता पुढे जायची ही सवय आमच्या क्षेत्राला लागलेला रोग आहे असं माझं मत आहे. पुढच्या वर्षी काका पुन्हा तीच पावडर आणतील, त्याचं काय?

माझी एक मैत्रीण म्हापशाला कॉलेजात शिकवते. तिच्या लॅबमध्ये महागडं काही नाही, पण यासाठी लागतही नाही. १९९४ मध्ये औरंगाबादच्या विद्यापीठातल्या पिचारे आणि काचोळे यांनी इनहिबिटर ओळखायला एक्स-रे फिल्म वापरायची पद्धत छापली होती, मराठवाड्यातली ही पद्धत नंतर पुष्कळांनी वापरली. तत्त्व साधं. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. ट्रिप्सिनचा थेंब ठेवला की तो जिलेटिन पचवतो, धुतल्यावर तिथे पारदर्शक खिडकी दिसते. थेंबात पानाचा रस मिसळला आणि त्यात इनहिबिटर असलं तर ट्रिप्सिन अडतं आणि थर तसाच राहतो. आम्ही एका क्लिनिकमधून जुन्या, धुतलेल्या काळ्या फिल्म आणल्या, त्यावर खिडकी अजून स्पष्ट दिसते.

काकांनी घेतली त्याच नर्सरीतली रोपं आणली. एका गटाला आदल्या संध्याकाळी सॅलिसिलिक ॲसिड, काकांच्याच ताकदीचं, एका गटाला त्याच प्रमाणात फेणी घातलेलं नुसतं पाणी. हा दुसरा गट नसता तर फेणीचाच परिणाम नाही ना, हे कळलं नसतं. सकाळी दोन्ही गटांतल्या अर्ध्या रोपांच्या तिसऱ्या पानाच्या मधल्या शिरेवर चिमट्याने आडवी जखम केली. जखमी आणि न जखमी ट्रे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले, कारण १९९० मध्येच फार्मर आणि रायन यांनी दाखवलंय की बंद जागेत सेजब्रश नावाच्या झुडपाच्या वासातलं मिथाइल जास्मोनेट शेजारच्या टोमॅटोला जागं करतं. एकाच खोलीत ठेवले असते तर न जखमी रोपंही कदाचित सावध झाली असती.

दुसऱ्या दिवशी चौथं आणि आठवं पान घेतलं, जखमी पान नाही. टोमॅटोचं पान खलात वाटताना रस बघता बघता तपकिरी होतो आणि मग काहीच धड दिसत नाही, म्हणून बफरमध्ये पीव्हीपी घालून, बर्फावर ठेवून वाटावं लागतं. रस ट्रिप्सिनमध्ये मिसळून थोडा वेळ ठेवला, मग फिल्मवर थेंब, ३७ अंशांना पंधरा मिनिटं, आणि नळाखाली हलक्या हाताने धुतलं. कडेला नुसत्या ट्रिप्सिनचा थेंब, नुसत्या बफरचा थेंब, आणि ट्रिप्सिन न घातलेल्या रसाचाही, कारण पानाची स्वतःची एन्झाइम्स जिलेटिन खात नाहीत ना हे बघायला हवं.

जखम न केलेल्या रोपांच्या रसाखाली स्वच्छ खिडक्या. जखम केलेली पण पावडर न दिलेली रोपं, त्यांच्या आठव्या पानाखाली फिल्म काळीच राहिली, चौथ्याखाली अर्धवट करडी. आणि पावडर दिलेल्या, जखम केलेल्या रोपांच्या आठव्या पानाखाली खिडकी जवळजवळ तेवढीच स्वच्छ, जणू तिसऱ्या पानाला काही झालंच नव्हतं. काकांना बोलावून ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मीच त्यांची बोलती बंद केली." मी म्हटलं, काका, तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते पाकिटाने सांगितलं नाही.

(आठवं पान चौथ्यापेक्षा कोवळं असतं आणि कोवळी पानं मुळातच जास्त प्रतिसाद देतात, त्यामुळे चौथ्या-आठव्यातला फरक सगळा शिरांच्या जोडणीचा असं मी म्हणणार नाही. पावडरचा फरक मात्र आठव्या पानाची आठव्या पानाशीच तुलना करून दिसतो.)

एका पुंजक्यातून निघालेल्या अळ्या दोन भागांत करून दोन्ही प्रकारच्या जखमी रोपांवर वाढवल्या. पावडरवाल्या रोपांवरच्या काही दिवसांत वजनाने दुपटीच्या आसपास गेल्या. मळ्यात दिसलं होतं तेच.

इथपर्यंत सगळं जुळतं. तरी दोन गोष्टी मला अडतात.

पहिली वेळेची. ॲराबिडॉप्सिसमध्ये २००८ साली दाखवलं गेलं की सॅलिसिलिक दिल्यानंतर साधारण ३० तासांच्या आत जास्मोनिकचा निरोप आला तरच तो दबतो, नंतर दबत नाही. आमच्या लॅबमध्ये जखम दुसऱ्याच सकाळी केली होती, म्हणजे त्या वेळेच्या आत. पण मळ्यात फवारणी तीन-चार दिवसांनी व्हायची. मधल्या दिवसांत झाडाने पुन्हा तोंड उघडायला हवं होतं. मग शेवटच्या चार ओळींत आणि बाकीच्यांत एवढा फरक का? मात्रा चौपट-पाचपट होती म्हणून परिणाम लांबला असेल. किंवा फवारणीनंतरच्या त्या एक-दीड दिवसातच पुंजक्यातल्या अळ्या फुटल्या असतील, आणि अळीचे पहिले दिवसच सगळ्यात नाजूक असतात, त्यात मोकळं रान मिळालं की पुढे ती आवरत नाही. करपलेल्या कडांचाही काही वाटा असू शकतो. टोमॅटोत ही वेळ किती, हे आम्ही अजून तपासलेलं नाही, रोपं तयार झाली की जखम एक, दोन, तीन आणि चार दिवसांनी करून बघणार आहोत.

दुसरी पांढऱ्या माशीची. लीफ कर्ल पसरवणारी माशी तीच. ती पान कुरतडत नाही, सोंड खुपसून रस ओढते, आणि तिची पिल्लं झाडात सॅलिसिलिकची वाट जागवून जास्मोनिकची दाबतात, हे ॲराबिडॉप्सिसमध्ये दिसलेलं आहे. म्हणजे झाड स्वतःचं रक्षण भलत्याच शत्रूसाठी करत बसतं आणि माशीचं फावतं. कालव्याकडच्या ओळींवर वारा जास्त, तिथे माशी मुळात कमी असेल तर त्या ओळी पावडर नसल्यामुळे वाचल्या की माशी नसल्यामुळे, हे त्या मळ्यातून आता कळणं शक्य नाही. मी पोचले तेव्हा पिवळे चिकट सापळे लावलेले नव्हते, त्यामुळे मोजणीच नाही. आमच्या गटाच्या नोंदवहीत रोग, औषध, उत्पन्न असे रकाने आहेत, कुठल्या ओळीला काय दिलं आणि काय दिलं नाही याला रकानाच नाही. मी तो मागतेय, अजून मिळाला नाही.

येत्या वायंगणात काका पुन्हा टोमॅटो लावणार आहेत, त्याच तुकड्यात. ओळी तीन प्रकारच्या, पावडर नाही, २ ग्रॅमची मात्रा फक्त रोपवाटिकेत असताना एकदा, आणि तीच मात्रा मळ्यात लावल्यावर दहा दिवसांनी. काकांची जुनी मात्रा पुन्हा नाही, ते नुकसान एकदा पुरे. कुठली ओळ कुठल्या प्रकारची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे कालव्याकडची बाजू एकाच प्रकाराच्या वाट्याला येणार नाही. प्रत्येक ओळीत पिवळा सापळा, आणि अंड्यांचा पुंजका दिसला की त्याच्या तारखेची चिठ्ठी खोडाला. चिठ्ठ्यांचं काम वैनींनी स्वतःहून मागून घेतलंय, कारण पुंजके काकांच्या आधी त्यांनाच दिसतात.